गरोदरपणात वजन किती वाढावं?

साताऱ्याकडची एखादी सून घेऊ. उंची 152 सेंटिमीटर, दिवस राहण्याआधीचं वजन 56 किलो. सासूबाई म्हणतात, ‘दोन जिवांची आहेस, पोटभर खा.’ नणंदेचं वजन तेव्हा 15 किलोंनी वाढलं होतं, म्हणून हिचंही तेवढंच वाढायला हवं, असा घरातला हिशेब. पण नणंद मुळात किडकिडीत होती, आणि सगळा फरक तिथेच पडतो.

किती वजन वाढावं हे आधीच्या बीएमआयवर ठरतं. किलोंतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की तो आकडा मिळतो. अमेरिकेतल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ने 2009 मध्ये दिलेल्या मर्यादा आजही जगभर वापरल्या जातात. बीएमआय 18.5 पेक्षा कमी असेल तर साडेबारा ते 18 किलो, 18.5 ते 24.9 असेल तर साडेअकरा ते 16, 25 ते 29.9 असेल तर 7 ते साडेअकरा, आणि 30 किंवा त्याहून जास्त असेल तर 5 ते 9 किलो. पोटात एकच बाळ असेल तेव्हाचे हे आकडे, जुळ्यांचे वेगळे.

आपल्या सुनेचा बीएमआय येतो 24.2. म्हणजे या तक्त्यात ती ‘सामान्य’. पण भारतीयांमध्ये तुलनेने कमी बीएमआयलाच मधुमेहाचा धोका वाढतो, म्हणून आपल्याकडे 23 पासूनच जास्त वजन धरतात. त्या मापाने ती पुढच्या गटात जाते आणि वरची मर्यादा 16 वरून साडेअकरावर येते. अशा काठावरच्या बाईला एकच आकडा घोकायला लावण्यात अर्थ नाही. तिची साखर, रक्तदाब आणि बाळाची वाढ पाहून डॉक्टर ठरवतात.

दुसरी गफलत सुरुवातीच्या वजनाची. उलट्यांनी ती बाराव्या आठवड्याला साडेचोपन्न किलोंवर आली, आणि कार्डावर पहिली नोंद तीच झाली. विसाव्या आठवड्यात काटा 57 दाखवतो. कार्डाप्रमाणे वाढ अडीच किलो, खरी वाढ एकच. आधीचं वजन माहीत असेल तर नोंदणीच्या दिवशी ते आवर्जून सांगावं.

पहिल्या तीन महिन्यांत अर्धा ते दोन किलोच वाढ अपेक्षित असते. पुढे सामान्य गटात आठवड्याला साधारण 400 ग्रॅम, जास्त वजनाच्या गटात 300 ग्रॅमच्या आसपास. एखाद्या आठवड्याला काटा हललाच नाही तर लगेच घाबरायचं कारण नाही, काटा आणि कपडे बदलले तरी फरक पडतो. मात्र चार-पाच दिवसांत दोन किलो वाढले आणि चेहऱ्यावर-हातांवर सूज, डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी असेल, तर तो जेवणाचा परिणाम नव्हे. त्याच दिवशी रक्तदाब आणि लघवी तपासून घ्यावी.

आणि वजन मर्यादेपुढे गेलं म्हणून उपवास करू नयेत. गरोदरपणात वजन उतरवायचं नसतं, वाढीचा वेग कमी करायचा असतो. भाकरी, वरण, भाजी, दूध तसंच ठेवून फरसाण, बिस्किटं आणि साखरेचा चहा आवरला, तर पुष्कळदा तेवढ्याने भागतं.