परदेशी जन्म, भारतीय पासपोर्ट

दुबईत जन्मलेल्या मुलाला केवळ तिथे जन्म झाला म्हणून अमिरातीचे नागरिकत्व मिळत नाही. आईवडील भारतीय असले, तरी भारताचे नागरिकत्वही आपोआप मिळत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातील कलम ४ नुसार, ३ डिसेंबर २००४ पासून परदेशात जन्मलेले मूल भारतीय ठरण्यासाठी जन्माच्या वेळी आई किंवा वडील भारतीय नागरिक असावे लागतात. शिवाय, जन्माची नोंद भारतीय वकिलातीत वर्षाच्या आत व्हावी लागते. मुदत टळली तर केंद्र सरकारची परवानगी घ्यावी लागते. अर्ज दिल्लीला जातो आणि उशिराचे कारण लेखी द्यावे लागते, म्हणून ही वेळ येऊ न देणेच उत्तम.

दुबईत नोकरी करणाऱ्या सांगलीच्या एखाद्या दांपत्याचे उदाहरण घेऊ. बाळ झाल्यावर पहिला कागद म्हणजे तिथल्या आरोग्य खात्याचा जन्मदाखला. त्यासोबत दोघांचे पासपोर्ट, निवासी व्हिसा आणि विवाह प्रमाणपत्र लागते. बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असे पालकांना लिहून द्यावे लागते. अमेरिकेत जन्मलेल्या मुलाचा अमेरिकी पासपोर्ट काढला, तर हे लिहून देता येत नाही; अशी कुटुंबे बहुधा ओसीआय कार्ड काढतात.

खरी अडचण येते ती नावांची. आईच्या पासपोर्टवर माहेरचे नाव आणि जन्मदाखल्यावर सासरचे, असे झाले की अर्ज अडतो. वडिलांच्या नावात एक ‘ए’ कमी-जास्त असला तरी तेच. दाखला हातात पडताच पासपोर्टशेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे आणि चूक दिसली तर आधी दाखला दुरुस्त करून घ्यावा. बाळाचे नावही तेव्हाच पक्के करावे. आपल्याकडे मुलाच्या नावापुढे वडिलांचे नाव लावतात. ते ‘दिलेले नाव’ या रकान्यात घालायचे की नाही, हे ठरवून सगळ्या कागदांवर तेच ठेवावे.

पासपोर्टच्या अर्जावर आईवडील दोघांची संमती लागते. सही न येणाऱ्या बाळाचा अंगठा घेतात: मुलाचा डावा, मुलीचा उजवा. फोटोत डोळे उघडे हवेत आणि धरणाऱ्याचा हात दिसता कामा नये. तान्ह्या बाळाला पांढऱ्या चादरीवर उताणे निजवून वरून फोटो घेणे सोयीचे पडते. अल्पवयीनाचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो, किंवा अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंतचा. यांतले जे आधी येईल ते.

पासपोर्ट हाती आल्याशिवाय बाळाचा निवासी व्हिसा निघत नाही, आणि अमिरातीत त्यासाठी जन्मापासून १२० दिवसच मिळतात. पुढे दंड चढतो. त्यामुळे वकिलातीची वर्षाची मुदत समोर असली, तरी तिथल्या पालकांनी हे चार महिनेच खरी मुदत मानावी.