वरच्या बाजूला तोटा नसलेला सौदा

२ फेब्रुवारी २०२३ रोजी फेसबुकची मालक असलेल्या मेटा कंपनीचा शेअर एका दिवसात सुमारे २३ टक्क्यांनी वधारला. जवळपास एक वर्ष आधी, ३ फेब्रुवारी २०२२ला, हाच शेअर एका दिवसात २६ टक्क्यांहून अधिक कोसळला होता. अमेरिकेतल्या ऑप्शन विक्रेत्यांमध्ये लोकप्रिय असलेला ‘जेड लिझर्ड’ हा सौदा समजून घ्यायला हे दोन दिवस पुरेसे आहेत. कारण पहिल्या प्रकारच्या दिवशी तो टिकतो, दुसऱ्या प्रकारच्या दिवशी नाही.

ऑप्शन विकणारा आधी प्रीमियम घेतो आणि त्या बदल्यात बांधिलकी पत्करतो. पुट विकला, तर भाव पडला तरी ठरलेल्या किमतीला शेअर विकत घ्यावा लागू शकतो. कॉल विकला, तर भाव चढला तरी ठरलेल्या किमतीला शेअर द्यावा लागू शकतो. त्या ठरलेल्या किमतीला स्ट्राइक म्हणतात. जेड लिझर्डमध्ये एक पुट विकतात, एक कॉल विकतात आणि त्याच मुदतीचा, त्याहून वरच्या स्ट्राइकचा आणखी एक कॉल विकत घेतात.

समजा, शेअर १०० डॉलरला आहे. ९५चा पुट विकून २.२० डॉलर मिळाले. १०५चा कॉल १.८० डॉलरला विकला आणि १०८चा कॉल ०.८० डॉलरला घेतला, म्हणजे कॉलच्या जोडीतून एक डॉलर उरला. एकूण जमा ३.२० डॉलर. एक करार १०० शेअरचा असल्यामुळे खात्यात ३२० डॉलर येतात. मुदत संपताना भाव ९५ ते १०५च्या दरम्यान राहिला, तर ते सगळे विक्रेत्याचे.

आता शेअर वर उसळला असं धरू. १०५च्या पुढे विकलेला कॉल नुकसान करू लागतो, पण १०८नंतर विकत घेतलेला कॉल ते जसंच्या तसं भरून काढतो. म्हणून भाव १०९ असो वा २००, कॉलच्या जोडीतलं नुकसान तीन डॉलरवरच थांबतं. पुट तेव्हा निरुपयोगी होऊन संपलेला असतो. जमा ३.२० आणि नुकसान ३, म्हणजे करारामागे २० डॉलर तरीही हातात राहतात. ‘वरच्या बाजूला जोखीम नाही’ या दाव्यामागचं कारण एवढंच आहे: एकूण प्रीमियम दोन कॉलमधल्या अंतराइतका किंवा त्याहून जास्त असला पाहिजे. तोच प्रीमियम २.८० मिळाला असता, तर वर गेल्यावर २० डॉलर खिशातून गेले असते आणि त्या सौद्याला जेड लिझर्ड म्हणता आलं नसतं.

एवढा प्रीमियम कुठून येतो? मुख्यतः पुटमधून. पडझडीची भीती असलेले गुंतवणूकदार संरक्षणासाठी पुट घेतात, त्यामुळे सारख्याच अंतरावरचा पुट बहुधा कॉलपेक्षा महाग असतो. शेअर नुकताच पडून बाजार धास्तावलेला असतो, तेव्हा तर हे गणित सहज जुळतं. बाजार शांत असेल, तर ते जुळत नाही. अशा वेळी ते जुळवण्यासाठी पुटची स्ट्राइक चालू भावाच्या अगदी जवळ आणणं मात्र धोक्याचं आहे.

धोका खालीच आहे आणि तो मोठा आहे. या उदाहरणात ९१.८०च्या खाली तोटा सुरू होतो. मेटासारखी २६ टक्क्यांची घसरण होऊन भाव ७४वर गेला आणि तिथेच मुदत संपली, तर तोटा १,७८० डॉलरचा. तेवढीच मोठी तेजी आली असती, तर नफा फक्त २० डॉलर. कंपनीच्या निकालाआधी प्रीमियम फुगलेला असतो हे खरं, पण तो फुगतो तो अशाच झेपेच्या शक्यतेमुळे. म्हणून पुटची स्ट्राइक निवडताना एकच प्रश्न महत्त्वाचा: त्या भावाला शंभर शेअर खरोखर घ्यायची तयारी आहे का?

‘वर जोखीम नाही’ या वाक्यालाही एक सूक्ष्म मर्यादा आहे. अमेरिकी शेअरवरचे ऑप्शन शेअर देऊन-घेऊनच निकाली निघतात. शुक्रवारी मुदत संपताना भाव १०६ असेल, तर विकलेला १०५चा कॉल अंगावर येतो, पण १०८चा कॉल कामाला न येताच संपतो. विक्रेता शनिवार-रविवारभर शंभर शेअर ‘शॉर्ट’ राहतो. सोमवारी बाजार ११२ला उघडला, तर संरक्षण उरलेलंच नसतं. लाभांशाची तारीख जवळ असेल, तर कॉलधारक मुदतीआधीच शेअर मागू शकतो आणि लाभांशही विक्रेत्याला भरावा लागतो. म्हणून अनुभवी ट्रेडर शेवटच्या दिवसाची वाट न पाहता आधीच सौदा बंद करतात. निफ्टीच्या ऑप्शनचा हिशेब रोखीत होतो, तिथे ही अडचण येत नाही. भारतातल्या शेअरच्या ऑप्शनमध्ये मात्र डिलिव्हरी असते.

शिवाय वरचे ते २० डॉलर फार नाजूक आहेत. तीन वेगळ्या व्यवहारांची दलाली आणि खरेदी-विक्रीच्या भावांतला फरक ते सहज गिळू शकतात. तिन्ही पाय वेगवेगळे न टाकता एकाच ऑर्डरमध्ये, एकूण जमेची मर्यादा ठरवून टाकले, तर निदान ३.२० ऐवजी २.९० हाती पडण्याची वेळ येत नाही.