कुत्रा आत आला की नाही?

लॅटिनमधले एक साधे वाक्य घेऊ: ‘सेर्वुस् पोर्ताम् क्लाउदित् ने कनिस् इन्त्रेत्’. सेर्वुस् म्हणजे गुलाम, पोर्ता म्हणजे दार, कनिस् म्हणजे कुत्रा. कुत्रा आत येऊ नये म्हणून गुलाम दार लावतो, एवढाच अर्थ. आता विचारा, कुत्रा आत आला का? वाक्य त्याबद्दल काहीच सांगत नाही. ते फक्त गुलामाच्या मनातला हेतू सांगते.

‘कुत्रा आत येतो’ हे घडणारी गोष्ट म्हणून सांगायचे असेल, तर लॅटिन ‘इन्त्रत्’ म्हणते. हेतूच्या वाक्यात मात्र ‘इन्त्रेत्’ येते. क्रियापदाच्या या दुसऱ्या रूपाला सब्जंक्टिव्ह म्हणतात. हेतू होकारार्थी असेल तर त्याआधी ‘उत्’ येतो, नकारार्थी असेल तर ‘ने’. आपल्याकडे हेच काम ‘-ावे म्हणून’ आणि ‘-ू नये म्हणून’ करतात. शाळेच्या व्याकरणात ‘म्हणून’ला उद्देशबोधक अव्यय म्हटलेले अनेकांना आठवेल. त्यामुळे मराठी वाचकाला हा भाग खरे तर सोपा जावा. पण बरेच जण इंग्रजी पाठ्यपुस्तकातून लॅटिन शिकतात आणि ‘उत्’ दिसला की ‘की’ लिहून मोकळे होतात. ‘गुलाम दार लावतो की कुत्रा आत येणार नाही’ हे मराठीच नव्हे.

रूप ओळखताना एक खाचखळगा आहे. ‘इन्त्रत्’चे ‘इन्त्रेत्’ होताना ‘अ’चा ‘ए’ झाला. ‘क्लाउदित्’ (लावतो) या क्रियापदाचे सब्जंक्टिव्ह मात्र ‘क्लाउदत्’ होते, म्हणजे तिथे ‘अ’ हीच हेतूची खूण. शेवट ऐकून निकाल देता येत नाही; क्रियापद कोणत्या गटातले हे कोशात पाहावे लागते. भूतकाळी सब्जंक्टिव्ह त्या मानाने भाबडे. ‘इन्त्रारे’ (आत येणे) या मूळ रूपाला प्रत्यय लावला की ‘इन्त्रारेत्’ तयार, ‘क्लाउदेरे’चे ‘क्लाउदेरेत्’.

हे भूतकाळी रूप केव्हा वापरायचे? मुख्य क्रियापद वर्तमानात किंवा भविष्यात असेल तर हेतूचे वाक्य वर्तमान सब्जंक्टिव्हमध्ये, आणि मुख्य क्रिया भूतकाळात असेल तर भूतकाळी. गुलामाने काल दार लावले असेल तर ‘क्लाउसित् ने कनिस् इन्त्रारेत्’. मराठीत मात्र ‘येऊ नये म्हणून’ जसेच्या तसे राहते. काळ ‘लावतो’ किंवा ‘लावले’ यातच दिसतो. म्हणून भाषांतर करताना ‘इन्त्रारेत्’चा भूतकाळ वेगळा आणायची धडपड करू नये.

पण वाचताना हा काळ फार उपयोगी पडतो. ‘सेर्वुस् वेनित् उत् पोर्ताम् क्लाउदत्’ आणि ‘सेर्वुस् वेनित् उत् पोर्ताम् क्लाउदेरेत्’ ही दोन वाक्ये पाहा. ‘वेनित्’ म्हणजे ‘येतो’ही आणि ‘आला’ही. उच्चारात पहिला ‘ए’ ऱ्हस्व की दीर्घ एवढाच फरक, आणि तो सहसा लिहून दाखवलेला नसतो. निवाडा शेवटचा शब्द करतो. ‘क्लाउदत्’ असेल तर बहुधा गुलाम दार लावायला येतो आहे. ‘क्लाउदेरेत्’ असेल तर तो आला. येणारा आणि लावणारा एकच असल्याने इथे मराठीत ‘लावायला’ किंवा ‘लावण्यासाठी’ सहज बसते. कर्ता बदलला की ‘-ावे म्हणून’ बरे. उलट दिशेने, ‘लावायला’साठी लॅटिनमध्ये नुसते ‘क्लाउदेरे’ लिहिण्याचा मोह आवरावा. कवींनी ती मोकळीक घेतली आहे, अभिजात गद्याने ती टाळली.

खरी गफलत होते ती पुढे. परिणाम सांगतानाही लॅटिन ‘उत्’ आणि सब्जंक्टिव्हच वापरते, जरी परिणाम प्रत्यक्ष घडलेला असला तरी. मग फरक कसा कळायचा? नकार पाहावा. ‘ने कनिस् इन्त्रारेत्’ हा हेतू. ‘उत् कनिस् नोन् इन्त्रारेत्’ हा परिणाम. परिणामाच्या आधी बहुधा ‘तम्’ किंवा ‘इत’ असा ‘इतका, असा’ अर्थाचा शब्दही डोकावतो: दार इतके घट्ट लावले की कुत्रा आत आला नाही. इथे मात्र ‘की’ अगदी योग्य, आणि कुत्रा बाहेर राहिल्याची खात्रीही.

‘ने’च्या पाठोपाठ ‘क्विस्’ आला तर दचकू नये. एरवी त्याचा अर्थ ‘कोण?’, पण ‘ने’नंतर तो ‘कोणी’ होतो: ‘ने क्विस् इन्त्रारेत्’, कोणी आत येऊ नये म्हणून.

आणि भीतीच्या क्रियापदानंतर ‘ने’ आला, तर ‘नये म्हणून’ बाजूला ठेवावे लागते. ‘तिमेओ ने कनिस् इन्त्रेत्’ म्हणजे ‘कुत्रा आत येईल अशी मला भीती वाटते’. मुळात ही दोन वाक्ये असावीत, मला भीती वाटते आणि कुत्रा आत न येवो, असे व्याकरणकार सांगतात. येणार नाही याची भीती असेल, तर लॅटिन तिथे ‘उत्’ किंवा ‘ने नोन्’ वापरते.