सात चौकटींतली भाजणी

गल्लीतल्या दुकानदाराला जाहिरातीत काय हवं असं विचारलं, की तो दुकानाचा सगळा फलकच वाचून दाखवतो. समजा, एका गिरणीची जाहिरात करायची आहे. मालक सांगणार : गहू, ज्वारी, बाजरीचं दळण, मसाला कांडप, शेवया, घरपोच सेवा, वडिलांपासूनचा धंदा, शिवाय सर्व ग्राहकांना दिवाळीच्या शुभेच्छा. हे सगळं तीस सेकंदांत म्हणता येतं, पण ऐकणाऱ्याच्या लक्षात त्यातलं काहीच राहत नाही. त्यामुळे कॅमेऱ्याला हात लावण्याआधी कागदावर चौकटी आखायच्या. एका चौकटीत एक दृश्य, तिच्याखाली ऐकू येणारा आवाज आणि किती सेकंद हा आकडा. यालाच स्टोरीबोर्ड म्हणतात. सत्यजित राय कोलकात्यात डी. जे. कीमर या जाहिरात कंपनीत चित्रकार होते आणि ‘पथेर पांचाली’ची दृश्यं त्यांनी आधी वहीत रेखाटून ठेवली होती. आपल्याला तशी चित्रं काढता आली नाहीत तरी अडत नाही. काड्यांची माणसं चालतात. सेकंदांचा आकडा मात्र खरा हवा.

गिरणीकडे वळू. दिवाळी तोंडावर आहे, म्हणजे चकलीची भाजणी. देऊ करायची गोष्ट एकच : धान्य तुमचं, भाजायचे पैसे नाहीत, फक्त दळणाचे द्या. मुदत २५ ऑक्टोबर. ही सवलत निवडायला कारण आहे. भाजणीत दळण हा सोपा भाग. तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, मूग डाळ, धने हे सगळं वेगवेगळं, मंद आचेवर, न करपू देता भाजणं हेच जिकिरीचं. नेमका तोच त्रास गिरणी उचलते आहे, त्यामुळे दाखवायला दृश्यही आपोआप मिळतं. ‘दळणावर दहा टक्के सूट’ अशी सवलत असती तर टक्केवारीचं दृश्य काय काढणार?

चौकटी आखताना शेवटची आधी काढावी. पाहणाऱ्याने नेमकं काय करायचं, हे तिथे असतं. फोन करा, संदेश पाठवा, पान बघा, दुकानात या, असे चार पर्याय मालकाला एकदम हवे असतात. इथे धान्य गिरणीत पोचल्याशिवाय काहीच होणार नाही, तेव्हा सांगायचं एवढंच : डबा घेऊन या. त्यासाठी दहा आकडी फोन नंबरापेक्षा खूण कामाची, ‘मारुती मंदिरासमोर’. नंबर काढला की मालकाला चुकल्याचुकल्यासारखं वाटतं, पण सहा सेकंदांत तो कोणी पाठ करत नाही. पडद्यावर किती मजकूर मावतो हे तपासायला तो सावकाश दोनदा मोठ्याने वाचावा. सहा सेकंदांत दोन वाचनं झाली तर ठीक, नाहीतर शब्द कमी करायचे. मुदत ‘रविवारपर्यंत’ अशी लिहू नये. व्हिडिओ पुढे पाठवला जातो आणि पुढच्या आठवड्यात रविवार पुन्हा येतोच.

आता पहिली चौकट, चार सेकंद. रात्रीचं स्वयंपाकघर. गॅसवर कढईत तांदूळ, शेजारी ओट्यावर ओळीने चार ताटल्या, अजून न भाजलेल्या डाळींच्या. दुकानाचं नाव नाही, पणती नाही, नमस्कार नाही. आवाज फक्त उलथण्याचा. दुसरीत, आणखी चार सेकंद, बाई पदराने घाम टिपत ताटल्यांकडे बघते आणि तिची मुलगी म्हणते, “आई, राहू दे. सकाळी गिरणीत देऊन येते.” तिसरीत सकाळ. गिरणीच्या फळीवर डबा आणि डाळींच्या पिशव्या. चार सेकंद. चौथी पाच सेकंदांची : गिरणीतली मोठी कढई, हलणारं धान्य, वर चढणारी वाफ आणि त्यावर ठळक अक्षरांत ‘भाजायचे पैसे नाहीत’. पाचवीत चक्कीच्या तोंडाला बांधलेल्या कापडातून डब्यात पडणारं गरम पीठ, चार सेकंद. सहावीत तीन सेकंद चकली. सातवीत सहा सेकंद गिरणीची पाटी, तारीख, खूण. बेरीज तीस.

निवेदन एवढंच : “चकलीची भाजणी करायचीय? धान्य निवडून आणा. भाजून आणि दळून आम्ही देतो. भाजायचे पैसे नाहीत, फक्त दळणाचे. पंचवीस ऑक्टोबरपर्यंत. डबा घेऊन या, मारुती मंदिरासमोरच्या गिरणीत.” जेमतेम पंचवीस शब्द. घाई न करता म्हटले तरी अर्धा वेळ उरतो, आणि तो उरायलाच हवा. कढईतला आवाज आणि मुलीचं वाक्य त्यात बसतं. शिवाय पुष्कळ लोक फोनचा आवाज बंद ठेवूनच बघतात, म्हणून सवलत, तारीख आणि खूण पडद्यावरही अक्षरांत हवी. चौकटी फोनसारख्या उभ्या आखाव्यात आणि मजकूर मधोमध ठेवावा. खालच्या-वरच्या कडांवर अ‍ॅपची बटणं येऊन बसतात.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. चौकटींचे फोटो काढून फोनमध्येच ठरलेल्या सेकंदांनुसार एकापुढे एक जोडायचे, त्यावर निवेदन वाचायचं आणि ज्याला यातलं काही माहीत नाही अशा शेजाऱ्याला एकदाच दाखवायचं. मग विचारायचं, “काय करायचंय?” आपल्या सात चौकटींवर एक उत्तर हमखास येऊ शकतं : “गिरणीत चकल्या मिळतात वाटतं.” दोष सहाव्या चौकटीचा. ताटात रचलेली देखणी चकली दिसली की ती विकाऊच वाटते. तिच्या जागी पहिल्या चौकटीतला तोच ओटा, तीच कढई, आणि तीच बाई सोऱ्याने चकल्या पाडताना दाखवली, की पीठ गिरणीतलं आणि चकली घरची हे न बोलता कळतं. कागदावर ही दुरुस्ती खोडरबराने होते. चित्रीकरणानंतर लक्षात आली असती तर पुन्हा तेल तापवावं लागलं असतं.

मालक मध्येच अट घालेल : किमान दोन किलो. अट घालायला हरकत नाही, पण मग ती चौथ्या चौकटीत, सवलतीच्या शेजारी, वाचता येईल अशा अक्षरांत हवी. शेवटी मुंगीएवढ्या अक्षरांत लपवली तर गिऱ्हाईक फळीवर भांडेल. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी २०१९चा ग्राहक संरक्षण कायदाही आहे. माझं मत विचाराल तर अट काढूनच टाकावी. भाजणी पावशेर कोण आणतं? “गव्हावर दळू नका हो,” ही गिऱ्हाइकांची नेहमीची काळजीही जाहिरातीत घ्यावीशी वाटेल. गोष्ट खरी आहे, पण ती दुसऱ्या जाहिरातीची.

चित्रीकरण चौकटींच्या क्रमाने करू नये. तिसरी, चौथी, पाचवी आणि सातवी गिरणीत एका सकाळी, गर्दीच्या आधी उरकावी. पहिली, दुसरी आणि सहावी एकाच स्वयंपाकघरात. गिरणीत पीठ उडतं, म्हणून दर दृश्याआधी फोनची काच पुसायची. चक्की सुरू असताना बोललेलं ऐकू येत नाही, त्यामुळे निवेदन घरी, पंखा बंद करून वेगळं ध्वनिमुद्रित करायचं.

आणि २६ तारखेला सकाळी व्हिडिओ जिथे जिथे टाकला असेल तिथून काढून टाका. तरीही त्या दिवशी कोणी डबा घेऊन आलंच, तर भाजायचे पैसे मागू नका.