‘लातूरला रेल्वेने पाणी’: बातमी खरी, पण कधीची?

उन्हाळ्यात हे कात्रण नांदेड-लातूरच्या एखाद्या व्हॉट्सॲप गटात पडलं, तर घागरींची घाई होणारच. बातमी खोटी नाही. मिरजेहून पाणी घेऊन निघालेली ‘जलदूत’ रेल्वेगाडी 12 एप्रिल 2016च्या पहाटे लातूरला पोहोचली होती.

कात्रण करणारा बहुतेकदा तारखेची पट्टीच छाटतो. मग मजकूर चाळायचा. ‘आज’, ‘काल’ हे शब्द काही सांगत नाहीत. वाघिणींचा आकडा सांगतो. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी असं लिहिलं असेल, तर ती सुरुवातीच्या खेपांपैकी एक. पुढे पन्नास वाघिणींची, 25 लाख लिटरची गाडी धावू लागली.

नंतर गूगलमध्ये बातमीतले नेमके शब्द आणि तारखेची मर्यादा टाकायची:

```
"लातूर" "जलदूत" before:2016-05-01
```

जुनी बातमी वर आली, की तिचं मूळ पान उघडायचं. गूगलची तारीख कधीकधी चुकते, म्हणून पानावरची ‘प्रकाशित’ तारीख बघायची. ‘अद्ययावत’ तारीख नंतरचीही असते. मथळ्याखाली ‘पीटीआय’ असेल, तर बातमी त्या वृत्तसंस्थेची, वर्तमानपत्राने फक्त छापलेली. आणि फेसबुकवरची तारीख? ती फक्त पोस्ट टाकल्याची.