उत्पन्न घटले, तर आधी कोणाचे देणे?

पेठेतील एका कापड दुकानदाराचे उदाहरण घेऊ. दरमहा ९०,००० रुपये सुटत. मंदीत ते ६०,००० वर आले. घरखर्चाचे १८,००० वजा जाता ४२,००० उरतात. देणी चार आहेत. घर तारण ठेवून घेतलेल्या कर्जाचा हप्ता २१,००० आणि गाळ्याचे भाडे १२,०००. शिवाय क्रेडिट कार्डाची थकबाकी १,२०,००० असून बाजारातील एका स्नेह्याचे २,००,००० हातउसने आहेत. त्यांवर महिना २,००० व्याज.

अशा वेळी सर्वांत जास्त तगादा कार्डवाल्यांचा असतो, म्हणून पैसा आधी तिकडे जातो. परंतु क्रम तगाद्यावरून नव्हे, तर न दिल्यास काय गमवावे लागेल, यावरून ठरवावा.

पहिले भाडे, कारण गाळा गेला की उत्पन्नच गेले. त्यानंतर तारण कर्ज. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की बँक खाते अनुत्पादित ठरवते. मग २००२ च्या सरफेसी कायद्यान्वये साठ दिवसांची नोटीस देऊन, दिवाणी दावा न लावताही ती घराच्या ताब्याची कारवाई करू शकते. म्हणून हप्ता चुकण्यापूर्वीच शाखेत जाऊन मुदतवाढीचा लेखी अर्ज द्यावा.

हातउसन्याच्या बाबतीत एकच प्रश्न विचारावा: सावकाराकडे आपला सही केलेला धनादेश आहे काय? असल्यास ते देणे साधे राहत नाही. धनादेश न वटल्यास रीतसर नोटीस येते, आणि ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम न दिल्यास कलम १३८ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते. म्हणून स्नेह्यांना आधीच भेटावे, २,००० व्याज चालू ठेवावे आणि मुद्दलाची नवी तारीख ठरवून ती कागदावर घ्यावी. न सांगता चुकलेल्या वायद्याने बाजारातील पत जाते. आधी मागितलेल्या मुदतीने सहसा जात नाही.

कार्ड शेवटी येते, कारण त्यामागे तारण नाही. वसुलीसाठी बँकेला न्यायालयात किंवा लवादाकडे जावे लागते. पण ते सर्वांत महागही आहे. महिना साडेतीन टक्के दराने १,२०,००० वर ४,२०० व्याज होते आणि त्यावर ७५६ जीएसटी. पाच टक्के धरून किमान देय ६,००० भरले, तरी मुद्दल हजारानेच उतरते. म्हणून कार्ड वापरणे थांबवावे आणि थकबाकीचे कमी व्याजाच्या हप्त्यांत रूपांतर मागावे. कार्डावर रोख काढून कर्जाचा हप्ता भरणे तर कटाक्षाने टाळावे. त्या रकमेवर पहिल्या दिवसापासून व्याज लागते.

या क्रमाने १२,०००, २१,०००, २,००० आणि ६,००० दिल्यावर हाती १,००० उरतात. उत्पन्न आणखी घटून ५५,००० झाले, तर कार्डाचे ६,००० पूर्ण भरता येणार नाहीत. तेव्हा पतनोंद बिघडेल, फोन वाढतील. परंतु घर आणि गाळा दोन्ही हाती राहतील.