डॉक्टरांची चिठ्ठी आणि प्रसूतिरजेचा वाढीव महिना

सातारा आणि कुपवाड येथील औद्योगिक वसाहतींपासून मिरजेच्या दवाखान्यांच्या ओसरीपर्यंत एक समजूत इतक्या निश्चिंतपणे ऐकावयास मिळते की, तिचे खंडन करताना मनुष्याने शांत राहावे तरी किती, असा प्रश्न पडावा. ती समजूत अशी, की प्रसूतिरजा वाढविणे हे डॉक्टरांच्या हाती असून त्यांनी 'पूर्ण विश्रांतीची गरज आहे, रजा वाढवावी' एवढे लिहून दिले म्हणजे मालकाने ती निमूटपणे मंजूर करावी. आणि मालकपक्षातही नेमकी उलटी समजूत तितकीच दृढ आहे, की सव्वीस आठवड्यांपलीकडचा प्रत्येक दिवस ही त्यांची मेहेरबानी होय. दोन्ही पक्ष चुकत आहेत, आणि त्यांच्यामध्ये सापडते ती बाई.

वस्तुस्थिती अशी आहे की रजा कायदा देतो. डॉक्टर केवळ कारणाची साक्ष देतो. १९६१ च्या मातृत्व लाभ अधिनियमाचे दहावे कलम सांगत असे, की गर्भारपण, प्रसूती, अकाली प्रसूती किंवा गर्भपात यांतून उद्भवलेल्या आजारासाठी, मूळ रजेखेरीज, कमाल एक महिन्यापर्यंत सवेतन रजा मिळेल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम आहे. त्यातील 'उद्भवलेल्या' हा शब्दच सर्व मामल्याची किल्ली आहे: आजार गर्भारपणाशी जोडलेला दिसला तर हा महिना हक्काचा, नुसते 'अशक्तपणा' लिहिले तर दफ्तरातील कारकुनाने अर्ज साध्या आजारपणाच्या रजेत टाकावा, यात त्याचा तरी काय दोष?

एक उदाहरण धरू. कुपवाडच्या एखाद्या कारखान्यातील स्त्रीची अपेक्षित प्रसूती १० जून २०२६ रोजी आहे. १८ मार्चला, म्हणजे अठ्ठाविसाव्या आठवड्यात, तिला रक्तस्राव होतो आणि सोनोग्राफीत वार गर्भाशयाच्या तोंडावर आलेली आढळते. आता अडचण अशी, की मूळ रजा अपेक्षित प्रसूतीपूर्वी आठ आठवड्यांच्या आधी सुरू होत नाही. म्हणजे १५ एप्रिलपूर्वी नाही. मधले अठ्ठावीस दिवस कोठून आणावयाचे? याचसाठी तो महिना आहे. १८ मार्च ते १४ एप्रिल ही आजाराची रजा, आणि १५ एप्रिलपासून १८२ दिवस, म्हणजे १३ ऑक्टोबरपर्यंत, मूळ रजा. अलीकडची रजा पलीकडच्या रजेतून कापावयाची नाही. मात्र हा महिना आधीच खर्च झाल्यामुळे प्रसूतीनंतर काही उपद्रव उद्भवलाच तर दुसरा वाढीव महिना मागता येणार नाही. मग शिल्लक अर्जित रजा किंवा आजारपणाची रजा यांवरच निभावावे लागेल.

अशा वेळी डॉक्टरांनी काय लिहावे? 'अठ्ठावीस आठवड्यांची गर्भावस्था. अपेक्षित प्रसूती १० जून २०२६. वार गर्भाशयाच्या तोंडावर असल्यामुळे रक्तस्राव झाला असून तो पुन्हा होण्याचा धोका आहे. हा आजार गर्भारपणातून उद्भवलेला आहे. १८ मार्च ते १४ एप्रिल २०२६ या मुदतीत उभ्याचे काम, वजन उचलणे व लांबचा प्रवास टाळावा, आणि रक्ताची व शस्त्रक्रियेची तजवीज असलेल्या रुग्णालयाच्या जवळ राहावे.' खाली सही, तारीख आणि वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक. 'पूर्ण विश्रांती' हा लाडका शब्द मी मुद्दाम गाळला आहे. केवळ अंथरुणाला खिळून राहिल्याने अकाली प्रसूती टळते याला कॉक्रेनच्या शोधनिबंध-परीक्षणांत आधार सापडलेला नाही, आणि रक्ताच्या गुठळ्यांची भीती मात्र वाढते. मालकालाही 'विश्रांती' पटत नाही. काय टाळावयाचे आणि का, हे लिहिलेले असले तर पटते.

रोगाचे नाव पत्रात घालण्यास रुग्णेची संमती हवी, कारण तिच्या गोष्टी गुप्त राखण्यास डॉक्टर बांधलेले आहेत. ती नको म्हणाली तर 'गर्भारपणातून उद्भवलेला आजार' एवढेच लिहिता येते, पण मग दफ्तरातून प्रश्न येण्याची तयारी ठेवावी. मागची तारीख घालून चिठ्ठी मागणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की दिलेल्या दाखल्यांची नोंदवही, रुग्णाच्या सहीसह किंवा अंगठ्यासह आणि ओळखखुणेसह, ठेवणे डॉक्टरांना बंधनकारक आहे व खोटा दाखला हा व्यावसायिक गैरवर्तनाचा गुन्हा ठरतो.

बाकीचे गैरसमज किरकोळ आहेत. सर्वांना सव्वीस आठवडे मिळतात असे नाही. दोन किंवा अधिक हयात अपत्ये असलेल्या स्त्रीला बारा आठवडेच मिळतात. राज्य विमा योजनेखालील, म्हणजे साधारणतः २१,००० रुपयांपर्यंत मासिक वेतनाच्या, कामगार स्त्रीला हा वाढीव महिना मालकाकडून नव्हे, विमा महामंडळाकडून मिळतो. तेव्हा दाखलाही तिकडेच जावा. सरकारी नोकरांना या कायद्याऐवजी राज्याचे स्वतंत्र रजा-नियम लागू आहेत. आणि या रजेत गैरहजर राहिल्याच्या कारणावरून बडतर्फीचा हुकूम काढता येतो, अशी धमकी कोणी दिली, तर तो हुकूमच बेकायदा ठरतो.